कंट्रोल २ एसडीत, तरी सिग्मा ३

“धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये कंट्रोल रोज २ एसडीच्या आत येतो. मग टेस्ट चांगलीच ना?”

तेवढ्यावरून ठरत नाही. कंट्रोल म्हणजे ज्याची किंमत आधीच माहीत असते असा नमुना, आणि एसडी म्हणजे त्याचे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात याचे माप. २ एसडीच्या मर्यादा तुमच्याच एसडीवरून आखलेल्या असतात. मशीनचे आकडे जास्त विखुरले, तर मर्यादाही रुंदावतात. शिवाय सरासरीच सरकलेली असेल, तर खऱ्या किमतीपासूनची ती तफावत, म्हणजे बायस, त्यात दिसतच नाही.

कोलेस्टेरॉल घ्या. एकूण मान्य त्रुटी १०%. बाह्य गुणवत्ता चाचणीत २०० च्या जागी २०८ आले, म्हणजे बायस ४%. कंट्रोलच्या काही महिन्यांच्या आकड्यांवरून सीव्ही, म्हणजे सरासरीच्या टक्केवारीत मांडलेला एसडी, २%. मान्य त्रुटीतून बायस वजा करून सीव्हीने भागा, की टेस्टच्या गुणवत्तेचे माप, म्हणजे सिग्मा, मिळतो: (१०−४)÷२ = ३. ही जेमतेम पातळी; इथे कंट्रोल वाढवून, त्यांचे निकाल स्वीकारायचे की नाही हे ठरवणारे वेस्टगार्डचे अनेक नियम एकत्र लावावे लागतात. बायस उणे असला तरी चिन्ह सोडूनच वजा करा.

कॅलिब्रेशन सुधारून बायस शून्यावर आणला, तर सिग्मा थेट ५ होतो. म्हणून आधी बायस शोधा.