घाटाचा फोटो खेळण्यातला कसा होतो, आणि देवळाचा कळस मध्येच का विरघळतो

काउंटरवर सारखं कोणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, दादा हा बघा फोटो, आख्खा बाजार खेळण्यातला वाटतोय, आमच्या फोटोचं असं करून द्या ना. त्याला टिल्ट-शिफ्ट म्हणतात, मिनिएचर पण म्हणतात, आणि आम्ही ते करून देतो. पण प्रत्येक फोटोचं होत नाही, आणि अॅपमध्ये एका टॅपवर झालेलं मोठ्या प्रिंटवर फसतं, का ते इथे लिहून ठेवलंय म्हणजे दरवेळी काउंटरवर समजावत बसायला नको.

दिवाळीत पोरांनी केलेल्या किल्ल्याचा फोटो काढून बघा. फोन एखाद्या मावळ्याच्या वीतभर जवळ नेला की तो मावळा शार्प येतो आणि त्याच्या पुढचं मागचं धूसर होतं. कॅमेरा वस्तूच्या जितका जवळ तितकी शार्प येणारी जागा कमी, हा लेन्सचा नियमच आहे. उलट गच्चीवरून शंभर-दोनशे मीटर लांबच्या बाजाराचा फोटो घेतला तर पुढून मागपर्यंत सगळंच शार्प येतं. डोळ्याला हे आयुष्यभराच्या सवयीने माहीत असतं, त्यामुळे लांबच्या गावाच्या फोटोत आपण मुद्दाम वर-खाली ब्लर टाकला की मेंदू म्हणतो अरे हे तर जवळून काढलंय, म्हणजे वस्तू बारकी असणार. एवढीच फसवणूक आहे. (नाव ज्या लेन्सवरून पडलं त्यात टिल्ट म्हणजे लेन्स तिरकी करणं आणि शिफ्ट म्हणजे सरकवणं, आणि गंमत म्हणजे या इफेक्टला शिफ्टची काहीच गरज नसते.)

उंचावरून का, तर खेळण्याकडे आपण वरूनच बघतो. रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोचं कितीही ब्लर करा, ते खेळणं होत नाही, फक्त खराब फोकसचा फोटो होतो. चौथ्या-पाचव्या मजल्याची गच्ची पुरते, कॅमेरा खाली झुकवायचा आणि आकाश फ्रेममध्ये येऊच द्यायचं नाही, कारण क्षितिज दिसलं की लांबी कळते आणि खेळ संपतो. पांडवलेणीवरून खाली हायवेवरचे ट्रक मस्त खेळण्यातले होतात, पण तिथून शहराकडे सरळ बघत काढलेला फोटो नको, खाली बघत काढा. आणि थंडीत सकाळी धुकं असतं तेव्हा नकोच, पोरांच्या किल्ल्यावर कुठे धुकं असतं. धुकं विरून लख्ख ऊन पडलं की काढा, सावल्या ठसठशीत पडल्या की पुठ्ठ्याची घरं दिव्याखाली ठेवल्यासारखी वाटतात.

आता कळसाचं. बुधवारच्या बाजाराचा एक फोटो आला होता, घाटाजवळच्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेला, निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या, भाजीचे ढीग, मधोमध दगडी देऊळ आणि मागे नदीपलीकडची घरं. 6000 बाय 4000 पिक्सेलची फाइल, म्हणजे 12 बाय 18 इंची प्रिंटला भरपूर. आम्ही फोटोशॉपचं तयार Tilt-Shift लावलं, देवळाच्या पायाशी असलेल्या दुकानांवर साधारण 500 पिक्सेल उंचीचा पट्टा शार्प ठेवला, त्याच्या वर आणि खाली सहाएकशे पिक्सेलात हळूहळू ब्लर वाढवत 30 पर्यंत नेला. स्क्रीनवर लहान करून बघितलं तर झकास. प्रिंट हातात आली तेव्हा दिसलं की देवळाचं जोतं शार्प, शिखर अर्ध्यापासून वितळायला लागलेलं आणि कळस म्हणजे नुसता पिवळा डाग. चूक आमचीच, प्रिंट परत काढून दिली.

झालं काय, की त्या टूलला फक्त चित्रातलं वर-खाली कळतं. जमिनीसाठी ते बरोबर चालतं कारण फोटोत जमीन जसजशी वर जाते तसतशी ती लांब जाते. पण शिखर जमिनीवर आडवं पसरलेलं नाही, उभं आहे, त्याचा कळस कॅमेऱ्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे जेवढा पाया, त्याच्या मागची घरं मात्र खूप लांब. म्हणजे खरोखरचं छोटं देऊळ असतं तर घरं धूसर आली असती आणि कळस बऱ्यापैकी शार्प राहिला असता. दीपमाळ, मोबाइलचा टॉवर, विजेचा खांब, नारळाचं झाड, सगळ्यांचं हेच. लोकांना नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण काहीतरी खोटं वाटतंय एवढं लगेच कळतं.

मग शिखर कापून वेगळ्या लेयरवर घ्यायचं, खाली ब्लर करायचं आणि वर शार्प शिखर परत ठेवायचं, सोपं वाटतं ना, पण इथे दुसरा घोळ होतो. खालच्या लेयरमध्ये शिखर अजून असतंच, ब्लर केल्यावर त्याचा काळा रंग बाजूला पसरतो आणि शार्प शिखराभोवती मळकट वलय दिसतं, जणू देवळातून धूर निघतोय. म्हणून ब्लरच्या आधी खालच्या लेयरमधून शिखर पुसून टाकावं लागतं, तिथे मागच्या घरांचेच तुकडे भरायचे, अगदी नीट नाही जमले तरी चालतं कारण ते धूसरच होणार आहे, मग ब्लर, मग शिखर वर. हे हाताने करावं लागतं, फांद्या असतील तर आणखी वेळ जातो, आणि याच कामाचे आम्ही पैसे घेतो, ब्लरचे नाही. वलय आलंय का हे ओळखायला फोटो मोठा करून शिखराच्या कडेने नजर फिरवा, बस.

रंग. खेळण्याचा रंग डब्यातला ऑइलपेंट असतो, म्हणून सॅच्युरेशन वाढवतो, साधारण 25 ते 35, आणि थोडा कॉन्ट्रास्ट. त्याच बाजाराच्या फोटोत 50 केलं तर निळी ताडपत्री सपाट चौकोन झाली, सुरकुत्याच गेल्या, माणसं संत्र्याच्या रंगाची आणि गोदावरी विषारी हिरवी. म्हणून निळा आणि हिरवा वेगळा कमी करतो, बाकीचं वाढवतो. स्क्रीनवर जे चमकतं ते कागदावर तेवढं उतरत नाही, त्यामुळे आधी छोटी टेस्ट प्रिंट काढून दाखवतो.

फाइल देताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह आणा. फोटो म्हणून नेहमीसारखा पाठवला तर बहुतेक वेळा लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास येते, 18 इंचावर पसरला की इंचाला नव्वदसुद्धा पिक्सेल उरत नाहीत, मग जो पट्टा शार्प ठेवायचाय तोच मऊ आणि आम्ही ब्लर कुठे दाखवणार. फोनमध्ये आधीच ब्लर लावलेला फोटो पण नको, ओरिजिनल द्या, ब्लर काढून टाकता येत नाही. आणि ऑर्डरच्या पाकिटावर एक ओळ लिहा की शार्प काय हवंय, देऊळ, भाजीवाली, का तुमची स्वतःची गाडी, कारण पट्टा एकच असतो आणि तो कुठे टाकायचा हे आम्हाला फोटो बघून कळत नाही.