केसांचा पोत बदलला, पण नेमका कधी?

लहानपणी सरळसोट असलेले केस चौदाव्या-पंधराव्या वर्षी वळणदार होऊ लागतात. बाळंतपणानंतर कुणाच्या कुरळ्या केसांची वळणं निघून जातात, तर कुणाच्या सरळ केसांना नव्यानेच वळण येतं. मोठ्या आजारातून उठल्यावर डोक्यावर येणारे केस हाताला राठ लागतात. हे बदल खरे असतात, मनाचे खेळ नसतात, आणि बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उरलेल्या थोड्या वेळा मात्र शरीरात दुसरंच काहीतरी बिनसलेलं असतं. यातलं आपलं प्रकरण कोणतं, याचा बराचसा अंदाज केसावरूनच बांधता येतो. त्यासाठी बदल झाला का, यापेक्षा तो कधी सुरू झाला हे आधी शोधायला हवं.

डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याला सरळ किंवा कुरळा होण्याचा निर्णय घेता येत नाही. तो निर्णय कातडीखाली, तीन-चार मिलिमीटर खोलवर असलेल्या मुळाशी होतो. तिथे पेशी भराभर वाढतात, वर सरकतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून जातात आणि कडक होऊन मरतात. मूळ सरळ असेल आणि पेशी सगळ्या बाजूंनी सारख्या वाढत असतील, तर केस सरळ निघतो. मूळ वाकडं असेल आणि एका बाजूच्या पेशी दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वाढत असतील, तर केस वळत वळतच घडतो. प्रथिनांच्या धाग्यांमध्ये गंधकाचे पक्के बंध तयार होतात आणि ते वळण कायमचं बसतं. केस कातडीबाहेर डोकावतो तेव्हा त्याचा आकार ठरून गेलेला असतो. जाडीचंही तसंच आहे. मुळाच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो मोठा असेल तर केस जाड, आक्रसला तर बारीक. संप्रेरकांचे संदेश याच पुंजक्यापर्यंत पोहोचतात, म्हणून वयात येणं, गर्भारपण आणि थायरॉइडचे आजार या सगळ्यांची खूण केसांवर उमटते.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून 10 सेंटिमीटरवरचा भाग अंदाजे दहा महिन्यांपूर्वी घडलेला आहे. त्यामुळे एकाच केसात दोन पोत दिसत असतील तर ते कुठे बदलतात ते पट्टीने मोजावं, की बदल कधी सुरू झाला याचा महिना हाती लागतो.

याचं एक उदाहरण नीट बघू. समजा, एकतीस वर्षांची एक बाई आहे, बाळ नऊ महिन्यांचं आहे. तिचे केस पाठीपर्यंत, पूर्वीपासून छान कुरळे. आता तिला वाटतं की केस वरून चपटे आणि खालीच तेवढे कुरळे राहिलेत. शिवाय कपाळाच्या कडेने आखूड केस ताठ उभे राहतात, विंचरून बसत नाहीत. तिसऱ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळले होते, त्याची धास्ती अजून गेलेली नाही.

तिने केस साध्या शाम्पूने धुवावेत, तेल, कंडिशनर किंवा ड्रायर न लावता आपोआप वाळू द्यावेत. नुसतं इस्त्रीने किंवा ड्रायरने सरळ केलेलं वळण पाण्याने परत येतं, कारण उष्णतेने केसातले कच्चे बंध तेवढे हलतात. रासायनिक स्ट्रेटनिंगमध्ये पक्के बंध तुटतात, ते पाण्याने जुळत नाहीत. मग डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतून अगदी टाळूलगत कापलेले पाच-सहा लांब केस पांढऱ्या कागदावर न ताणता ठेवावेत. आपोआप गळलेला केस चालत नाही, कारण त्याची वाढ गळण्याच्या काही महिने आधीच थांबलेली असते आणि महिन्यांचा हिशेब चुकतो.

समजा, मुळाकडचे पहिले 12 सेंटिमीटर जवळपास सरळ आहेत आणि त्यापुढे वळणं सुरू होतात. 12 सेंटिमीटर म्हणजे सुमारे बारा महिने. बाळ नऊ महिन्यांचं, म्हणजे बदल सुरू झाला तेव्हा तिला सहावा महिना चालू होता. बाळंतपण, जागरणं, बदललेला शाम्पू, नव्या घरातलं जड पाणी हे सगळं त्यानंतरचं. ते मूळ कारण असूच शकत नाही. पोताचा बदल गर्भारपणातल्या संप्रेरकांशी जुळतो. उलट बदल मुळाशी न दिसता फक्त टोकांकडे असता, टोकं राठ, फाटे फुटलेली आणि मुळाकडचा भाग पूर्वीसारखाच असता, तर दोष मुळाचा नसून वापराचा म्हणायला हवा होता. ऊन, उष्णता, रंग आणि ओढून विंचरणं यांचा मार सर्वांत जुन्या भागाला सर्वांत जास्त बसतो.

आता कपाळावरचे आखूड केस. ते तुटलेले की नवे? एक केस उजेडात धरून टोक बघावं. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा कुंचल्यासारखं विस्कटलेलं असतं. नव्याने उगवलेल्या केसाला कधी कात्री लागलेली नसते, त्याचं टोक निमुळतं होत जातं. या बाईचे केस निमुळत्या टोकाचे आणि 5-6 सेंटिमीटर लांब आहेत. म्हणजे ते साधारण सहा महिन्यांपूर्वी, बाळ तीन महिन्यांचं असताना उगवायला लागले. गळती झाली तीही तेव्हाच.

हा योगायोग नाही. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. गर्भारपणात इस्ट्रोजेनची पातळी जास्त असल्याने गळायच्या वाटेवरचे बरेच केस वाढीच्याच टप्प्यात थांबून राहतात. बाळंतपणानंतर ती पातळी झपाट्याने उतरते, थांबलेले सगळे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकत्र गळतात. अशा केसाच्या मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. ती दिसली तर केस तुटलेला नाही, आपलं चक्र पूर्ण करून बाहेर पडलेला आहे आणि त्या जागी नवा येणार आहे. ही गाठ बघून अनेकींना मूळच उपटून आलं असं वाटतं आणि त्या उगाच रडकुंडीला येतात. मूळ कातडीतच शाबूत असतं.

आखूड नवे केस लांब केसांपेक्षा जास्त वळलेले किंवा विस्कटलेले वाटतात, त्याचं एक साधं कारण वजन आहे. लांब केसाचं वजन त्याचं वळण खाली ओढून सैल करतं, आखूड केसावर तो भार नसतो. त्यामुळे केस आखूड कापल्यावर वळणं वाढल्यासारखी दिसतात, त्यात मूळ मात्र बदललेलं नसतं. पोत बदलला असं म्हणण्याआधी एवढं वजा करायलाच हवं.

पुढे काय होईल, हे मुळाजवळचे नवे 3 सेंटिमीटर सांगतात. तीन महिन्यांनी हीच तपासणी परत करावी. त्या नव्या भागात वळण परत दिसायला लागलं तर केस पूर्ववत होत आहेत. गळती बहुतेकींची बाळ वर्षाचं होईपर्यंत आटोक्यात येते. वळण मात्र काहींचं परत येतं, काहींचं येत नाही, आणि परत न येणं हासुद्धा आजार नाही.

वयात येतानाचा बदल वेगळ्या वाटेने जातो. त्या वयात अँड्रोजेन संप्रेरकं मुलांमध्ये आणि मुलींमध्येही वाढतात. काख, जांघा आणि मुलांची दाढी इथली बारीक लव त्यांच्यामुळेच जाड, काळी आणि वळणदार होते. डोक्यावरचे केसही अनेकांचे या काळात जाड आणि कमी सरळ होतात. तो बदल हळूहळू येतो, सगळ्या डोक्यावर येतो आणि सहसा वर्षानुवर्षं टिकतो. आईवडिलांपैकी कुणाचे केस तसे असतील तर त्यात नवल काहीच नाही, कारण वारसा जन्मापासून असतो, तो दिसायला उशीर लागतो.

आजारपणानंतरचा बदल दोन प्रकारचा. जोराच्या तापानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर गळती होते ती बाळंतपणासारखीच, दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरून गेलेला असतो आणि माणूस चालू आठवड्यातल्या तेलाला दोष देतो. किमोथेरपीत मात्र वाढीच्या टप्प्यातल्या मुळांवरच घाव बसतो, म्हणून गळती दोन-तीन आठवड्यांतच सुरू होते. उपचार संपल्यावर येणारे केस पुष्कळदा पूर्वीपेक्षा कुरळे, कधी मऊ तर कधी राठ, कधी वेगळ्या रंगाचे असतात. मूळ पुन्हा उभं राहत असताना पेशींची वाढ सगळीकडून सारखी होत नाही. बऱ्याच जणांचे केस वर्ष-दीड वर्षात पूर्वीच्या पोतावर येतात, काहींचे नवेच राहतात. काही औषधंही हे करतात. फेफऱ्यासाठीच्या व्हॅल्प्रोएटने केस कुरळे होऊ शकतात, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या औषधांनीही. पोत बदलल्याची तारीख औषध सुरू झाल्यानंतरची निघाली तर ते डॉक्टरांना सांगावं. फेफऱ्याची गोळी मात्र केसांसाठी स्वतःहून बंद करू नये, त्याने झटका येऊ शकतो.

आता आपल्या उदाहरणातल्या बाईकडे एका गोष्टीसाठी परत जायला हवं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते. आधी काही आठवडे ती ग्रंथी जास्त संप्रेरक सोडते, मग अनेकींच्या बाबतीत चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास ते कमी पडतं. याच महिन्यांत साधी गळतीही चालू असते, त्यामुळे थायरॉइड नजरेआड होतो. संप्रेरक कमी पडलं की केस कोरडे, राठ आणि ठिसूळ होतात. साध्या बदलात केस बदलतात, पण बाई बरी असते. इथे मात्र थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, पोट साफ होत नाही, वजन वाढतं आणि झोप मिळूनही थकवा जात नाही. भुवईचा कानाकडचा भाग विरळ होणं हीही एक खूण. अशा वेळी टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी, कारण बाळामुळे थकलेय असं म्हणत हा आजार महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

दुसरी सावध होण्याची जागा म्हणजे ठरावीक भागातला बदल. साधा बदल कमीअधिक प्रमाणात सगळ्या डोक्यावर असतो. तरुण मुलाचे फक्त कानशिलांवरचे आणि टाळूवरचे केस राठ, निस्तेज आणि वेडेवाकडे होत असतील तर ती कधी कधी टक्कल पडण्याची सुरुवात असते. बाईचा भांग रुंदावत असेल आणि तिथले केस बारीक होत असतील तर तिथली मुळं आक्रसत चालली आहेत. एखादा चकता पूर्ण मोकळा झाला, टाळू लाल होऊन पापुद्रे निघू लागले किंवा दुखू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाला लवकर दाखवावं. जाताना कागदावर चिकटवलेले दोन-तीन केस, त्यांच्यावर मोजलेले सेंटिमीटर आणि गेल्या दीड वर्षातल्या आजारांची, बाळंतपणाची आणि औषधांची महिनावार यादी सोबत न्यावी.