कॉन्ट्रॅक्ट नोटमधले शुल्क आणि डीमॅटचा वार्षिक आकार

शेअर घेतले किंवा विकले की २४ तासांच्या आत ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते. बहुतेक जण फक्त शेवटची रक्कम बघतात. ब्रोकरने स्वतः किती घेतले आणि सरकार-एक्सचेंजकडे किती गेले, हे मात्र मधल्या ओळींत असते.

समजा, एनएसईवर ५०० रुपयांचे १०० शेअर डिलिव्हरीसाठी घेतले. व्यवहार ५०,००० रुपयांचा. ब्रोकरेज ०.३० टक्के ठरले असेल तर १५० रुपये. एसटीटी हा शेअर व्यवहारावरचा सरकारी कर ०.१ टक्का, म्हणजे ५० रुपये. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, साडेसात रुपये. एक्सचेंजचा आकार दीड रुपयाच्या आसपास आणि सेबीचे शुल्क पाच पैसे. जीएसटी १८ टक्के असला तरी तो पूर्ण रकमेवर नसतो. ब्रोकरेज, एक्सचेंजचा आकार आणि सेबी शुल्क यांच्या बेरजेवर तो लागतो, इथे सुमारे २७ रुपये. एसटीटी आणि मुद्रांक शुल्कावर जीएसटी नाही. एकूण खर्च साधारण २३६ रुपये, त्यातला निम्म्याहून जास्त ब्रोकरेजचा. घासाघीस करायची तर तिथेच; बाकीचे दर ब्रोकरच्या हातात नाहीत.

विकताना एसटीटी पुन्हा लागतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. विक्रीच्या नोटेत ते दिसले तर लगेच विचारा.

डीपी म्हणजे तुमचे डीमॅट खाते सांभाळणारी संस्था. विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे लागणारा डीपी चार्ज सहसा या नोटेत सापडत नाही, वार्षिक देखभाल शुल्कही नाही. दोन्ही लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या खातेवहीत, वेगळे नावे पडतात, त्यामुळे नोट आणि लेजर शेजारी ठेवूनच हिशेब लावावा.

वार्षिक शुल्क वाचवायचे असेल तर बेसिक सर्व्हिसेस डीमॅट अकाउंट, म्हणजे बीएसडीए, बघा. पात्रतेची मुख्य अट एकच: एकल किंवा पहिला खातेदार म्हणून सर्व डिपॉझिटरी मिळून तुमचे एकच डीमॅट खाते हवे. (ॲपच्या ऑफरपायी उघडून विसरलेले दुसरे खाते इथेच नडते, ते आधी बंद करा.) १ सप्टेंबर २०२४ पासून खात्यातल्या गुंतवणुकीचे मूल्य ४ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये आणि त्यावर जीएसटी. १० लाखांच्या वर नेहमीचा दर.

पात्र खाते डीपीने आपणहून बीएसडीएमध्ये न्यायचे असते. तुम्ही नेहमीचेच खाते हवे असे ईमेलने कळवले असेल तरच ते तसे राहते. तरीही पूर्ण शुल्क कापले गेले, तर नोंदणीकृत ईमेलवरून डीपीला लिहा. सोबत डीपी आयडी, क्लायंट आयडी, पॅन, लेजरची ती नोंद आणि खात्याचा तपशील असलेला क्लायंट मास्टर रिपोर्ट जोडा. ब्रोकरेज ठरल्यापेक्षा जास्त लावले असेल, तर कॉन्ट्रॅक्ट नोट आणि खाते उघडताना सही केलेले दरपत्रक लागेल. ब्रोकरने दाद दिली नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे हीच कागदपत्रे चालतात.