साखर उतरली, सी-पेप्टाइड वाढले: गाठ की गोळी?

मधुमेह नसलेल्या प्रौढ माणसाची साखर पहाटे ५५ च्या खाली आढळली आणि त्या वेळच्या रक्तात इन्सुलिन व सी-पेप्टाइड दोन्ही जास्त निघाले, की "स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ आहे" असा निष्कर्ष काढून रुग्णाला थेट सीटी स्कॅनसाठी कोल्हापूर-मुंबईला पाठवले जाते. हा निष्कर्ष अर्धवट आहे. अगदी हेच आकडे मधुमेहाची एक साधी गोळी चुकून पोटात गेल्यानेही येतात, आणि ती शक्यता तपासण्याआधी गाठ शोधायला निघणे मला मुळीच मान्य नाही.

गाठ आणि बाहेरून टोचलेले इन्सुलिन यांतला फरक बहुतेकांना ठाऊक असतो. शरीर स्वतः इन्सुलिन तयार करते तेव्हा प्रोइन्सुलिन या मूळ रेणूचे तुकडे होऊन इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड बरोबरीने बाहेर पडतात. इंजेक्शनच्या बाटलीत सी-पेप्टाइड नसते. म्हणून इन्सुलिन जास्त पण सी-पेप्टाइड नगण्य असेल, तर इन्सुलिन बाहेरचे. हे इथेच संपते.

खरी फसगत पुढे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या इन्सुलिन बाहेरून आणत नाहीत. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींना, रक्तातली साखर कितीही कमी असली तरी, स्वतःचे इन्सुलिन सोडायला लावतात. गाठही नेमके हेच करते. त्यामुळे साखर ५५ मिग्रॅच्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा अधिक, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा अधिक आणि प्रोइन्सुलिन ५ पिकोमोल किंवा अधिक, हे तिन्ही निकष दोन्ही ठिकाणी पुरे होतात. जास्त इन्सुलिनमुळे चरबी वितळणे थांबते, म्हणून बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोनही दोन्हीकडे दबलेले, म्हणजे २.७ मिलिमोल किंवा त्याहून कमी असते. शिरेतून १ मिग्रॅ ग्लुकॅगॉन दिल्यावर यकृतात साठलेली साखर अर्ध्या तासात २५ मिग्रॅ किंवा अधिक वर येते, तीही दोन्हीकडे. प्रोइन्सुलिन गाठीत बरेचदा अधिक चढते, पण तेवढ्यावर निर्णय देता येत नाही. या दोघांना वेगळे करणारी रक्ताची तपासणी एकच: साखर उतरलेली असतानाच्या नमुन्यात त्या गोळ्यांचा अंश शोधणे. यादीत रिपॅग्लिनाइडही असायला हवे, कारण ते सल्फोनिलयुरिया नसले तरी काम तसेच करते. आणि फक्त जुन्या औषधांची यादी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा "निगेटिव्ह" अहवाल मी ग्राह्य धरत नाही.

उदाहरणादाखल एक रुग्ण घेऊ. राजापूरजवळच्या गावातली अठ्ठावन्न वर्षांची बाई, रक्तदाबासाठी रोज रात्री ॲम्लोडिपिन घेणारी. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती घामाने निथळलेली आणि असंबद्ध बोलताना घरच्यांना आढळते. रुग्णालयात साखर ३८, इन्सुलिन १४, सी-पेप्टाइड ३.२, कीटोन ०.३. ग्लुकोजचे सलाईन दिल्यावर ती शुद्धीवर येते. लक्षणे, त्याच वेळी कमी साखर आणि साखर दिल्यावर उतार, ही व्हिपल यांची त्रयी पूर्ण झाली. "उपासाने साखर उतरली" हे घरच्यांचे स्पष्टीकरण मात्र टिकत नाही. निरोगी माणसात एक दिवसाच्या उपासाने असे होत नाही, आणि लांबलेल्या उपासात काही निरोगी स्त्रियांची साखर बरीच खाली गेली तरी त्यांचे इन्सुलिन दबलेले आणि कीटोन चढलेले असतात. इथे चित्र नेमके उलटे आहे.

आता घरातली औषधे टेबलावर आणायला सांगावे. तोंडी यादी पुरत नाही. नवऱ्याला मधुमेह आहे, त्याची ग्लिमेपिराइडची २ मिग्रॅची गोळी त्याच डब्यात आहे. दुकानातून पाच-पाच गोळ्या कापून दिलेल्या स्ट्रिपच्या तुकड्यांवर औषधाचे नाव अर्धेच राहिले आहे, आणि हिचा "नवा तुकडा" चार दिवसांपूर्वी आलेला आहे. गोळ्या कापून द्यायच्याच असतील तर नाव आणि मात्रा पाकिटावर लिहूनच द्याव्यात, याबाबत मी हटवादी आहे. साखरेवरची म्हणून नावाशिवाय मिळणारी चूर्णेही याच टेबलावर यायला हवीत. झटके केव्हापासून येतात, तेही विचारावे: गाठीची कहाणी बहुधा महिनोन्महिन्यांची असते, पहाटे किंवा जेवण लांबले की येणारी आणि खाल्ल्यावर बरी होणारी, कधी वजन वाढवणारी, गोळीची कहाणी बहुधा अचानक सुरू होते.

या बाईला सरळ ७२ तासांच्या उपासाच्या चाचणीसाठी दाखल केले, तर काय होते? रुग्णालयात फक्त पाणी मिळते, जागेपणी चालायला लावतात, दर सहा तासांनी रक्त घेतात आणि साखर ६० च्या खाली आली की तासा-दोन तासांनी. साखर ४५ च्या खाली जाऊन लक्षणे दिसली की चाचणी थांबते. त्रयी आधीच नोंदलेली असेल, तर ५५ च्या खालीही थांबवता येते. गाठ असलेल्या बहुतेक रुग्णांची साखर ४८ तासांच्या आतच कोसळते. या बाईची मात्र तिसऱ्या दिवशीही ६० च्या वर राहते, कारण घरचा डबा घरीच राहिला आहे. मग "चाचणी नॉर्मल, गूढ आजार" अशी नोंद होते आणि ती पुन्हा त्याच डब्याकडे परतते. पहिल्या प्रसंगात इन्सुलिन व सी-पेप्टाइड चढलेले आणि उपास निर्दोष, ही जोडी गोळीकडेच बोट दाखवते.

म्हणून पहिला नमुना सोन्यासारखा जपावा. शिरेत सुई घालतानाच, ग्लुकोज देण्याआधी, रक्त काढावे. त्यासाठी उपचार मिनिटभरही लांबवू नये. साखरेचा नमुना फ्लोराइडच्या राखाडी झाकणाच्या नळीतच घ्यावा. साध्या नळीत रक्तपेशी तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर खातात, आणि उन्हात दुचाकीवरून तालुक्याला निघालेल्या नळीत तर अधिकच. तसल्या नळीतली ५० साखर कोणाचाही आजार सिद्ध करत नाही. ग्लुकोमीटरवर या पातळीला निदान करू नये. उरलेले सीरम वेगळे करून दोन-तीन मिली गोठवून ठेवावे, म्हणजे गोळ्यांची तपासणी नंतर मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतही करून घेता येते. ही नळी फेकली गेली, तर काही दिवसांनी घेतलेले रक्त गोळीबद्दल काहीच सांगत नाही.

गोळीचा अंश न सापडता उपासाची चाचणी सकारात्मक आली, आणि असेच चित्र उभे करू शकणारी इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडेही नसली, तरच स्कॅनची पाळी येते. या गाठी बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरहून लहान असतात आणि कर्करोगाच्या नसतात. सीटीत न दिसलेली गाठ एंडोस्कोपीतून केलेल्या सोनोग्राफीत सापडू शकते. उलटही घडते: स्वादुपिंडात योगायोगाने दिसलेला, इन्सुलिनशी संबंध नसलेला फुगवटा गाठ समजून कापला जातो. गोळीच्या रुग्णाला ती किंमत मोजायला लावणे अक्षम्य आहे.

आणि ग्लिमेपिराइडची शंका असताना सलाईनने साखर सुधारली म्हणून दुपारीच घरी सोडू नये. शिरेतून दिलेले ग्लुकोज गोळीने उघडलेल्या पेशींना आणखी इन्सुलिन सोडायला लावते, साखर पुन्हा उतरते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर हे एका दिवसाहून अधिक काळ चालते. किमान २४ तास वारंवार साखर मोजत ठेवावे. पुन्हा उतरलीच, तर इन्सुलिन सोडणे थांबवणारे ऑक्ट्रिओटाइड द्यावे.