मधे बसलेला केक: कच्चा राहिला की फार फुगला?

केक मधे बसला की बडोद्यातल्या आमच्या नात्यागोत्यात एकच निकाल लागतो: "फार फेटलंस गं." हे ऐकून मी कंटाळले आहे. मैदा घातल्यावर फार ढवळलं तर केक चिवट होतो, आत लांबट भोकं पडतात, पण तो सहसा बसत नाही. लोणी-साखर फार फेटली किंवा बेकिंग पावडर जास्त पडली तर मात्र बसतो. तरी मी पाहिलेले बहुतेक बसलेले केक नुसते कच्चे होते.

खड्डा दोन्हींत सारखाच दिसतो, म्हणून तो कधी पडला ते आठवा. कच्चा केक ओव्हनमध्ये छान फुगलेला असतो आणि बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत खाली जातो. कडा शिजून घट्ट झालेल्या असतात, मधलं पीठ ओलं असतं. आतली वाफ निवली की त्याला वर धरून ठेवणारं काही उरत नाही. फार हवा भरलेला केक भराभर वर येतो, अंडं आणि मैदा घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि तो ओव्हनच्या काचेतूनच बसताना दिसतो. मधेच दार उघडलं तरी असं होऊ शकतं, म्हणून पहिली पंचवीस मिनिटं दाराला हात लावू नका.

खात्री हवी तर निवल्यावर कापा. पूर्ण शिजलेला, भरड, मोठ्या छिद्रांचा आणि चुरा होणारा असेल तर हवा जास्त झाली. खड्ड्याखाली चिकट, ओला पट्टा असेल तर तो कच्चा.

दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीचा केक सलग तीनदा बसला. मैदा, लोणी, साखर प्रत्येकी 125 ग्रॅम, दोन अंडी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, सात इंची टिन. प्रमाणात काहीच खोट नव्हती. तिनं आधी पावडर अर्धी केली, मग फेटणं कमी केलं. तिसरा केक मी कापला तर मधे कच्च्या ढोकळ्यासारखा दोन बोटं जाड थर. ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवला: बटण 180 वर, आत 150. बटण 210 च्या आसपास नेल्यावर आत 180 आले आणि मूळ प्रमाणाचाच केक चाळीस मिनिटांत सपाट, नीट झाला.

ओव्हन फार तापला तरी केक कच्चाच राहतो, कारण वरून रंग लवकर येतो आणि माणसं रंग बघून काढतात. मी रंगावर कधीच जात नाही. विणायची सुई अगदी मधोमध खुपसते. ती कोरडी निघाली आणि बोटानं दाबलेला भाग परत वर आला, तरच टिन बाहेर काढते.