चाळिसाव्या वाढदिवशी वाढलेली चरबी

माझ्या एका मित्राच्या अंगावरची चरबी एका रात्रीत साडेतीन टक्क्यांनी वाढली. त्या रात्री तो जेवला नेहमीसारखाच, झोपलाही वेळेवर. झालं इतकंच, की रात्री बारा वाजता त्याला चाळीस वर्षं पूर्ण झाली.

चरबी मीच मोजली होती, चिमट्याने. या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. त्वचेची घडी बोटांत उचलायची आणि ती किती मिलिमीटर जाड आहे ते वाचायचं. मित्राच्या चार जागा घेतल्या: दंडाची मागची बाजू १३, पुढची ७, पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली २० आणि कमरेच्या हाडाच्या वर २०. बेरीज ६० मिलिमीटर. ही बेरीज ज्या सूत्रात घालायची, ते डर्निन आणि वोमर्सली या दोन संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं आणि ते आजही सर्रास वापरात आहे. त्यात पुरुषांचे आणि स्त्रियांचे आकडे वेगळे, शिवाय वयोगटागणिक वेगळे. ३० ते ३९ वयाच्या पुरुषासाठी आणि ४० ते ४९ वयाच्या पुरुषासाठी ते असं आहे:

```
D = 1.1422 - 0.0544 × log10(S)     (30-39)
D = 1.1620 - 0.0700 × log10(S)     (40-49)
Fat % = 495 / D - 450
```

S म्हणजे घड्यांची बेरीज, D म्हणजे शरीराची घनता. S च्या जागी ६० घाला. पहिल्या ओळीतून घनता येते १.०४५५ आणि चरबी २३.५ टक्के. दुसऱ्या ओळीतून घनता १.०३७५ आणि चरबी २७.१ टक्के. माणूस तोच, घड्याही त्याच. फक्त सूत्रातली ओळ बदलली.

हे सूत्र बनवणाऱ्यांचं अज्ञान नव्हे. उलट वयोगट पाडण्यामागे चांगलं कारण आहे. चिमटा फक्त त्वचेखालची चरबी बघतो. आतड्यांभोवतीची, अवयवांभोवतीची चरबी त्याच्या हाती लागत नाही. वय वाढतं तशी चरबी आतल्या बाजूला जास्त साठते, हाडंही हळूहळू हलकी होतात. त्यामुळे बाहेरची घडी सारखीच असली तरी चाळिशीतल्या माणसात एकूण चरबी सरासरीने जास्त निघते. ही वाढ वर्षावर्षाने सावकाश होते, पण सूत्र तिला दहा वर्षांच्या पायऱ्यांत बांधतं. माझा मित्र नेमका पायरीच्या काठावर उभा होता.

आता सूत्रातली शेवटची ओळ बघा, कारण खरी मेख तिथे आहे. ४९५ आणि ४५० हे आकडे सिरी या शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले. त्यामागे गृहीत असं, की चरबीची घनता ०.९ आणि शरीरातल्या उरलेल्या सगळ्याची, म्हणजे हाडं, स्नायू, पाणी यांची मिळून १.१. पहिला आकडा बऱ्यापैकी स्थिर आहे. दुसरा माणसागणिक बदलतो. ज्याची हाडं भरीव, त्याची चरबी या सूत्रातून खऱ्यापेक्षा कमी येते. ज्याची हाडं विरळ झाली आहेत, त्याची जास्त. म्हणजे चिमटा घडी मोजतो, पहिलं सूत्र घडीवरून घनतेचा अंदाज करतं आणि दुसरं सूत्र घनतेवरून चरबीचा. अंदाजावर अंदाज. डर्निन आणि वोमर्सली यांनी स्वतःच पुरुषांसाठी साधारण ५ आणि स्त्रियांसाठी साडेतीन टक्के-अंकांची प्रमाण-चूक दिली होती. त्या हिशेबात माझ्या मित्राचे २३.५ आणि २७.१ हे दोन्ही आकडे आरामात बसतात. ‘२७.१’ मधल्या दशांशाला काहीही अर्थ नाही, तो केवळ गणकयंत्राने दिला म्हणून आला.

हाताची चूक यापेक्षा वेगळी आणि गंमत म्हणजे अनेकदा लहान असते. माझी बेरीज ६० ऐवजी ६६ आली असती, म्हणजे मी चांगली दहा टक्के चुकलो असतो, तरी चाळिशीच्या ओळीतून उत्तर २८.४ आलं असतं. सव्वा टक्क्याचा फरक. अर्थात नवशिक्याच्या हातून दहा टक्क्यांपेक्षा मोठी चूक सहज होते. दंडामागची घडी घ्यायची तर खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध पेनने खूण करायची, खुणेच्या एक सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनीने घडी उचलायची, चिमट्याचे जबडे खुणेवर लावायचे, कळ सोडून द्यायची आणि दोन सेकंदांनी वाचायचं. घडी मात्र बोटांतून सोडायची नाही. नवशिके नेमकी तीच सोडतात. दुसरी चूक वेळेची. चांगल्या चिमट्याचा दाब ठरलेला असतो, चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम, आणि त्या दाबाखाली घडी हळूहळू चेपत जाते. पाच-सहा सेकंद थांबलात तर आकडा कमी येतो. म्हणून एकाच जागी लागोपाठ तीनदा मोजत नाहीत. चारही जागांची एक फेरी पूर्ण करून मग दुसरी फेरी घेतात. दोन फेऱ्यांत एका जागेचा आकडा दोन-तीन मिलिमीटरने हलला तर समजावं, की एकदा स्नायूही चिमटीत आला होता किंवा खूण चुकली. आणि फार लठ्ठ माणसाच्या बाबतीत कधी कधी समांतर घडी उचलताच येत नाही. तिथे चिमटा बाजूला ठेवलेलाच बरा.

मित्राला हे सगळं फारसं पटलं नाही. ‘चिमट्यापेक्षा यंत्र बरं,’ म्हणत तो विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राखाली आडवा झाला. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो, हातापायाला चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड. यंत्राने एक मिलिअँपियरपेक्षा कमी, जाणवणारही नाही इतका प्रवाह सोडला, सेकंदाला ५० हजार आवर्तनं करणारा, आणि रोध दाखवला: ५०० ओहम.

यंत्राने मोजलं ते एवढंच. चरबी त्याने पाहिलेलीसुद्धा नाही. स्नायूंसारख्या चरबीविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, त्या पाण्यात क्षार, म्हणून प्रवाह तिथून सहज जातो. चरबीत पाणी फार थोडं. रोध कमी म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे चरबीविरहित भाग जास्त, आणि तो वजनातून वजा केल्यावर उरली ती चरबी. ही साखळी बांधणारी समीकरणं पुष्कळ आहेत. आम्ही २००१ साली जिनिव्हातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेलं घेतलं. त्यात उंचीच्या वर्गाला रोधाने भागतात, वजनाचा ०.२३१ पट हिस्सा मिळवतात, शिवाय लिंग आणि आणखी एक विद्युत माप असतं. उत्तर आलं: चरबीविरहित भाग ५३.४ किलो, चरबी २३.७ टक्के. मित्राचा चेहरा खुलला. एकोणचाळिशीतलं वय त्याला परत मिळालं होतं.

मग आम्ही त्याच समीकरणाशी जरा खेळलो. समजा त्याने मोजणीआधी एक लिटर पाणी प्यायलं. पाणी अजून पोटात आहे, रोध हललेला नाही, वजन मात्र ७१. समीकरण त्या जादा किलोतला ०.२३ किलो चरबीविरहित धरतं आणि उरलेला पाऊण किलो चरबीत टाकतं. उत्तर २४.५ टक्के. साध्या पाण्याची चरबी झाली. आता उलट समजा, की तो धावून आला आहे. त्वचा गरम, रक्तप्रवाह वाढलेला, रोध पाच टक्क्यांनी उतरून ४७५. उत्तर २१.५ टक्के. धावल्याने दोन टक्के चरबी गेली असं वाटेल, आणि तासाभराने ती परतही येईल. उंची दोन सेंटिमीटर वाढवून सांगितली, तरी एक टक्का खाली. (उंची वाढवून सांगणारे कमी नसतात.)

घरातल्या काट्यात अडचण आणखी वाढते. तिथे प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्या पायातून उतरतो. छाती आणि हात त्याच्या वाटेवर येतच नाहीत. आणि हातापायांतून मोजणाऱ्या यंत्रातही धड उपेक्षितच राहतं. वीजवाहक जितका जाड, तितका त्याचा रोध कमी. धडाचं वजन शरीराच्या निम्म्याच्या आसपास, पण एकूण रोधात त्याचा वाटा दहाव्या हिश्श्याइतका. पोट सुटलं तरी रोध जेमतेम हलतो. काट्याला पोट कळतं ते मुख्यतः वजनातून. बऱ्याच काट्यांत ‘खेळाडू’ असा पर्याय असतो, तो निवडला की आकडा धाडकन उतरतो. कारण आता तुम्हाला ठाऊक आहेच: समीकरणातली ओळ बदलली.

ज्या जागेबाबत काटा आंधळा आणि चिमटा उथळ, ती जागा मोजपट्टी पकडते. कंबरेच्या घेरातून चरबीची टक्केवारी मिळत नाही, आणि पट्टीला पोटाच्या आतली चरबी आणि त्वचेखालची चरबी वेगळीही करता येत नाही. पण मध्ये एकही सूत्र नाही. इथली मुख्य चूक म्हणजे कंबर कुठली यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पट्टी लावतात; अमेरिकेतली एक रूढ पद्धत ती कमरेच्या हाडाच्या लगेच वर लावते. मित्राची कंबर पहिल्या जागी ८८ भरली, दुसऱ्या जागी ९१. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० मानतात, म्हणजे तो एकाच वेळी रेषेच्या दोन्ही बाजूंना होता. स्त्रियांमध्ये या दोन जागांतला फरक आणखी मोठा असतो. बाकी चुका साध्या: पट्टी मागे खाली घसरलेली, श्वास सोडण्याऐवजी पोट आत ओढलेलं, पट्टी त्वचेत रुतेल इतकी ताणलेली. आरसा बाजूला ठेवला तर पहिल्या दोन लगेच दिसतात.

शेवटी मी मित्राच्या नावाच्या कागदावर टक्के लिहिलेच नाहीत. खेळाडूंची मापं घेणारे पुष्कळ जण असंच करतात. चार घड्या, त्यांची बेरीज ६० मिलिमीटर, बरगडी आणि हाडाच्या मधोमध कंबर ८८ सेंटिमीटर, सकाळी उपाशीपोटी, मोजणारा मी. चार महिन्यांनी त्याच वेळी, त्याच खुणांवर पुन्हा मोजलं तेव्हा बेरीज ५२ आली आणि कंबर ८५. ‘म्हणजे किती टक्के?’ त्याने विचारलं. कुठल्या वयाचे हवेत, असं मी त्याला विचारलं.