अंधार पडला की कॅमेरा ऑफलाइन

घराबाहेरचा वायफाय कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि रात्री नेमका ऑफलाइन जातो, ही तक्रार नवी मुंबईतल्या रो-हाऊसमध्ये राहणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. बहुतेक जण पहिला संशय इंटरनेटवर घेतात. कंपनीला फोन, राऊटर बंद-चालू, पुन्हा फोन. माझा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: ऑफलाइन जातो तो घड्याळ बघून जातो, की सूर्य बघून?

मुंबईच्या परिसरात नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. हिवाळ्यात साडेसहाला आणि उन्हाळ्यात साडेसातला कॅमेरा जात असेल, किंवा पावसाळ्यात आभाळ दाटून आलं की भर दुपारीही जात असेल, तर इंटरनेटचा त्यात काही हात नाही. दोष विजेचा आहे. उलट रोज नऊ ते अकराच्या दरम्यानच जात असेल, म्हणजे घरातले आणि शेजारचे सगळे जेवून मोबाईल घेऊन बसतात तेव्हा, तर राऊटरकडे बघायचं.

कोपरखैरणेच्या एका रो-हाऊसमध्ये हे दोन्ही दोष एकाच कॅमेऱ्यात होते. कॅमेरा गेटवरच्या भिंतीवर, बारा व्होल्टचा. अ‍ॅडाप्टर वरच्या मजल्यावर जिन्याशेजारी, आणि तिथून भिंतीच्या कडेने खाली आलेली पंधरा मीटरची बारीक वायर. घरच्या काकूंचं म्हणणं एवढंच होतं, "दिवसा कोण चोरी करायला येतंय? रात्रीच बघायचाय ना, आणि रात्रीच हा बंद!"

रात्री कॅमेऱ्यात बदलतं काय? अंधार झाला की त्याच्या आतली इन्फ्रारेड बल्बांची रांग पेटते. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, फार तर मंद लाल ठिपके दिसतात, पण कॅमेऱ्याला त्यात अंगण उजळलेलं दिसतं. त्याच वेळी लेन्समागची एक छोटी काचपट्टी सरकते. दिवसा ती इन्फ्रारेड अडवते, रात्री बाजूला होते. ती सरकताना 'टक्' असा आवाज येतो, शांत गल्लीत सहज ऐकू येईल एवढा. या कॅमेऱ्याला दिवसा सुमारे पाव अँपिअर करंट लागत होता. 'टक्' झाल्याबरोबर तो ०.७ अँपिअरपर्यंत चढायचा.

आता वायर. त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम. पंधरा मीटर जायचे आणि पंधरा यायचे, म्हणजे तीस मीटरचे अडीच ओहम. दिवसाच्या पाव अँपिअरला या वायरीत जेमतेम ०.६ व्होल्ट पडतात. कॅमेऱ्यापर्यंत ११.४ पोहोचतात, तक्रार नाही. रात्रीच्या ०.७ अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच जातात आणि उरतात १०.२. कॅमेऱ्याच्या पट्टीवर बारा व्होल्ट, दहा टक्के कमी-जास्त असं छापलं होतं. म्हणजे १०.८ च्या खाली त्याची हमी नाही. आणि हा हिशोब अ‍ॅडाप्टर ठणठणीत आहे असं धरून केलेला. बाजारातल्या स्वस्त वायरीत बरेचदा तांब्याचा नुसता मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असतं. तिथे रोध आणखी दीडपट धरा.

शिवाय व्होल्टेज पडलं तरी कॅमेऱ्याची गरज कमी होत नाही. आतली सर्किटं तेवढीच पॉवर मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतात, जास्त करंटने वायरीत आणखी व्होल्टेज पडतं, आणि शेवटी कॅमेरा रीसेट होतो. रीसेट झाल्यावर सुरुवातीला इन्फ्रारेड बंद असतं, त्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येतं. कॅमेरा सुखाने सुरू होतो, त्याला अंधार दिसतो, 'टक्', इन्फ्रारेड पेटतं, पुन्हा रीसेट. गेटखाली उभं राहिलं की साधारण मिनिटा-मिनिटाने तो आवाज येत होता. मोबाईलवर मात्र एकच शब्द: ऑफलाइन.

इथला अ‍ॅडाप्टरही थकलेला होता. मीटर लावला तेव्हा कॅमेरा जोडलेला नसताना १२.१ व्होल्ट, अगदी तब्येतीत. इन्फ्रारेड पेटल्यावर त्याच्या स्वतःच्या टोकाशी ११.२, तेही आकडा थरथरत. अ‍ॅडाप्टर नुसता तपासून "चांगला आहे" म्हणणारे इथेच फसतात. तो लोडवर तपासायला हवा. आत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, त्यांतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. उन्हं पडणाऱ्या भिंतीवर, हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेला अ‍ॅडाप्टर किती टिकेल याचा अंदाज यावरून येईल. सुकलेला कपॅसिटर व्होल्टेज सपाट ठेवू शकत नाही, त्यात क्षणभराचे खड्डे पडतात. साधं मीटर सरासरी दाखवतं, ते खड्डे दाखवत नाही. कॅमेऱ्याला मात्र तेवढा क्षण रीसेट व्हायला पुरतो. अ‍ॅडाप्टर गुणगुणत असेल किंवा हाताला चटका बसेल इतका तापत असेल तर समजून जावं. उघडून बघायच्या फंदात पडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते थोडा वेळ राहू शकतात.

मीटर नसेल तरी ही परीक्षा घरी होते. भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं जाड फडकं घट्ट धरायचं. त्याला रात्र झाली असं वाटतं, 'टक्' होतं, इन्फ्रारेड पेटतं. एवढ्यानेच तो ऑफलाइन गेला, तर वायफायला दोष द्यायचं कारण उरत नाही. उलटी परीक्षाही आहे: रात्री अ‍ॅपमधून नाइट व्हिजन बंद ठेवायचं. चित्र काळं येईल, पण कॅमेरा रात्रभर ऑनलाइन राहिला तर उत्तर तेच. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर सगळ्यात सोपं. नेटवर्क तुटलं तरी कार्डवरचं रेकॉर्डिंग सहसा चालूच राहतं. वीज तुटली तर रेकॉर्डिंगला भोकं पडतात. काकूंच्या कार्डवर संध्याकाळी सातनंतरचं चित्र तुकड्या-तुकड्यांत होतं.

बारा व्होल्टचाच, पण दोन अँपिअरचा नवा अ‍ॅडाप्टर आणला आणि तो खाली पोर्चमध्ये, सावलीत बसवला. वायर दोन मीटरची झाली. तीत आता ०.७ अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अँपिअर जास्त चालतात, कारण कॅमेरा हवे तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र छापील तेवढेच हवेत. पाच व्होल्टच्या यूएसबी कॅमेऱ्यांची गत तर याहून वाईट. त्यांच्याकडे गमवायला मुळात पाचच व्होल्ट असतात, त्यामुळे बारीक, पाच मीटरची चार्जिंग केबल त्यांना रात्री सहज झोपवते.

संध्याकाळचं 'टक् टक्' थांबलं. तरी साडेनऊनंतर कॅमेरा अधूनमधून जातच होता. या वेळी कार्डवरचं रेकॉर्डिंग सलग होतं, म्हणजे आता खरंच नेटवर्क.

मोबाईलवर वायफायची ताकद आकड्यात दाखवणारं अ‍ॅप घेऊन गेटशी उभं राहिलं तर उणे ७८ डीबीएम. या मोजमापात उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ निर्धास्त चालतो, उणे ८० ला जोडणी तुटायला टेकते. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण उणे ६७ पेक्षा उणे ८० म्हणजे वीसपट क्षीण सिग्नल. त्यातून मोबाईलवर दिसते ती राऊटरकडून येणारी रेंज. कॅमेऱ्याला व्हिडिओ पाठवायचा असतो उलट दिशेने, आणि त्याचा ट्रान्समीटर राऊटरपेक्षा सहसा दुबळा असतो. त्यात रात्रीचं चित्र दाणेदार असतं, आणि तो दाणा सतत बदलत असल्यामुळे व्हिडिओ नीट आकसत नाही. म्हणजे पाठवायचा माल वाढतो तो नेमका रात्री.

रेंज कमी असली की कॅमेरा हळू वेगाने बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत त्या चॅनेलवर बाकीच्यांना थांबावं लागतं. तिकीट खिडकीवर सुट्ट्या पैशांसाठी अडून बसलेल्या माणसामागे रांग वाढावी, तसं हे. रो-हाऊसच्या दोन्ही भिंतींपलीकडे शेजाऱ्यांचे राऊटर, बहुतेकांचं चॅनेल तेच, आणि रात्री सगळेच रांगेत.

काकूंचा राऊटर टीव्हीच्या युनिटमागे होता, शेजारी लोखंडी कपाट. तो जिन्याच्या तोंडाशी उंचावर आणला, तेवढ्याने गेटशी उणे ६९ मिळाले. बूस्टर विकत आणण्याआधी हे करून बघावं, त्याला खर्च नाही.

मग राऊटरच्या पानावरची यादी उघडली. माणसं चार, उपकरणं सव्वीस: फोन, टॅब, टीव्ही, स्मार्ट बल्ब, एसीचा प्लग, मुलाच्या ऑफिसचा लॅपटॉप. राऊटर प्रत्येकाला एक पत्ता वाटतो, आणि त्याच्याकडे वाटायला होते 192.168.1.100 ते 192.168.1.119, म्हणजे वीसच. एरवी सगळे एकदम घरात नसतात, म्हणून निभत होतं. पण कॅमेरा गेला की काकू राऊटर बंद-चालू करायच्या. बहुतेक घरगुती राऊटर त्या वेळी कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतात. मग सव्वीस जण नव्याने पत्ता मागतात, जवळचे आधी पोहोचतात, आणि गेटवरचा कमजोर रेंजचा कॅमेरा मागे पडून हात हलवत परततो. उपायच रोग वाढवत होता.

पत्त्यांची मर्यादा 192.168.1.199 पर्यंत वाढवली आणि कॅमेऱ्यासाठी एक पत्ता राखून ठेवला. टीव्ही लॅन केबलवर टाकला, फोन ५ गिगाहर्ट्झवर. २.४ वर उरले बल्ब, प्लग आणि कॅमेरा. काही स्वस्त राऊटरांना एकाच वेळी किती उपकरणं जोडायची याचीही वेगळी मर्यादा असते; तिथे पत्ते वाढवून भागत नाही, उपकरणं कमी करावी लागतात किंवा राऊटर बदलावा लागतो.

त्यानंतरही पहाटे केव्हातरी मिनिटभर कॅमेरा गेल्याची नोंद दिसायची, कार्डवर मात्र खंड नाही. राऊटर 'ऑटो चॅनेल'वर होता आणि गर्दी कमी असताना स्वतःच चॅनेल बदलत होता. आजूबाजूला त्यातल्या त्यात मोकळं असलेलं ११ नंबरचं चॅनेल कायम केलं आणि ती नोंदही बंद झाली.